हत्तीचं खोकं

निवृत्त होण्याच्या कितीतरी आधीपासून मी पत्र्याची जुनी खेळणी जमवतो आहे. बसवनगुडीतल्या आमच्या घरात त्यांचं एक काचेचं कपाट आहे. त्यात सगळ्यात लाडका तीनचाकी सायकल चालवणारा हत्ती. चावी दिली की तो पाय मारत गोल फिरतो. पोटाखालचा पत्रा गंजलेला असल्यामुळे त्याच्यावरचा छाप कधी वाचता आला नाही. पण छपाई इतकी सुबक होती, की मी तो युद्धापूर्वीचा जर्मन ठरवून टाकला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तसंच सांगत राहिलो.

इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारी पुण्याची एक मुलगी दोन वर्षांपूर्वी या नादाला लागली. छाप कुठे शोधायचा, पत्र्याच्या बारीक पट्ट्या दुमडून जोडलेले भाग कसे पाहायचे, नव्यानं रंगवलेलं कसं ओळखायचं, हे सगळं मीच तिला शिकवलं. चामराजपेटेतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातही मीच नेलं. दुकानदाराला मी अण्णा म्हणतो. काही चांगलं आलं की तो आधी मला फोन करायचा.

एका रविवारी सकाळी ती दारात उभी राहिली. हातात पिशवी.

"काका, अण्णांनी काल बोलावलं होतं. एका बंद पडलेल्या खेळण्यांच्या दुकानाच्या माळ्यावर हे निघालं."

तिनं टेबलावर एक खोकं ठेवलं आणि झाकण उचललं. आत माझाच हत्ती. पण चकचकीत, एक ओरखडा नाही. अण्णानं मला फोन केला नव्हता.

हत्ती उलटा केला. पोटाखाली इंग्रजीत बारीक अक्षरं होती: 'व्यापलेल्या जपानमध्ये बनवलेले'. म्हणजे युद्धानंतरची, जपान परक्या सैन्याच्या ताब्यात होता ती मोजकी वर्षं. कोणी बनवला, ते मात्र खेळण्यावर नव्हतं. ते खोक्यावर होतं, झाकणाच्या कोपऱ्यात, चौकटीतली दोन अक्षरं. माझा जर्मन हत्ती एका क्षणात जपानी झाला.

"खोकं खरं आहे ना हो?" तिनं विचारलं. "खोक्यासकट किंमत दुप्पट होते, तुम्हीच म्हणाला होता."

म्हणालो होतो. मुलं खेळणं ठेवतात आणि खोकं पहिल्याच दिवशी फाडून टाकतात, म्हणून खेळण्यापेक्षा खोकंच दुर्मीळ. शिवाय बनवणाऱ्याचं नाव बऱ्याचदा त्याच्यावरच उरतं. मी भिंग घेतलं. फाटलेल्या कडेला पुठ्ठा आतपर्यंत तपकिरी होता. पिनांचा गंज कागदात उतरला होता. तळाशी तीन चाकांचे दाब उमटले होते, अगदी या हत्तीच्या चाकांच्या अंतरावर. कितीतरी वर्षं तो याच खोक्यात बसून होता. शंकेला जागाच नव्हती.

"खोकं याचं नाही," मी म्हणालो. "चित्रातल्या हत्तीची झूल लाल आहे, तुझ्याची निळी. दुसऱ्या खेळण्याचं खोकं कुणीतरी जोडून दिलंय."

एकच खेळणं दोन-तीन रंगांत निघायचं आणि खोकं सगळ्यांना एकच असायचं, हे मला पाठ होतं. तिला माहीत नव्हतं.

तिचा चेहरा पडला. हत्ती पिशवीत घालून तिनं रिकामं खोकं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "मग मला काय उपयोग? तुम्हीच ठेवा, काका. तुमच्या हत्तीची झूल लालच आहे की."

ती गेल्यावर मी माझा गंजका हत्ती त्या खोक्यात ठेवला. नीट बसला. दोन दिवस ते कपाटात होतं आणि दोन दिवस मी कपाटासमोर गेलो नाही. फसवून मी स्वतः मागून घेतलं असतं तर कदाचित पचलं असतं. पण तिनं ते आपण होऊन दिलं होतं, तेच सहन होईना.

तिसऱ्या दिवशी बस पकडून तिच्या ऑफिसजवळ गेलो. जेवणाच्या सुट्टीत ती खाली आली. खोकं पुढे केलं.

"हे तुझंच आहे. झुलीच्या रंगाचं खोटं बोललो. तळाचे चाकांचे दाब बघ, तुझ्याच हत्तीचे आहेत."

तिनं झाकण काढून बोटानं दाब चाचपले. "का पण, काका?"

"जळलो," मी म्हणालो. दुसरा शब्दच सापडला नाही.

तिनं झाकण पुन्हा बसवलं. मग विचारलं, "तुमचा हत्तीही जपानीच का?"

"जपानीच."

"सरी," ती म्हणाली. 'ठीक आहे' अशा अर्थाचा हा इथला कन्नड शब्द ती नवीनच शिकली होती. खोकं छातीशी धरून ती आत गेली.

ती अजूनही येते, चहा घेते. पण आता नवीन खेळणं टेबलावर ठेवण्याआधी बनवणारा कोण, काळ कोणता, हे स्वतःच सांगून मोकळी होते. बहुतेक वेळा बरोबर असतं. मी मान डोलावतो, आणि आतून अजूनही थोडा जळतो.