पाठीकडचं कापड

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास मी भाईंदर पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत कपडे निर्यात करणाऱ्या छोट्या कारखान्यात डिझायनर होते. त्या वर्षी परदेशातल्या वृद्धाश्रमांना कपडे पुरवणाऱ्या एका कंपनीने आमच्याकडे अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी गाऊन मागितले. अट एवढीच की कापड पर्यावरणाला कमीत कमी जाच करणारं असावं, आणि ते का निवडलं हे आम्ही लिहून द्यावं.

सोबत त्यांनी एक तक्ता पाठवला होता. त्यात एक किलो धाग्यामागे पाणी, वीज, तेल आणि रसायनं किती लागतात याची तुलना होती. कापसाच्या सुताला पाणी आणि फवारणी फार. पॉलिएस्टरला पाणी थोडं, पण ते तेलापासून बनतं आणि वीजही खातं. व्हिस्कोस झाडाच्या लगद्याचं; लाकूड कुठल्या जंगलातलं आणि गिरणी रसायनं परत मिळवते की नदीत सोडते, यावर सगळं अवलंबून. बाटल्या वितळवून केलेलं रिसायकल्ड पॉलिएस्टर नव्यापेक्षा कमी वीज घेतं. कारखान्याचे शेठ म्हणाले, मग प्रश्नच मिटला, बाटल्यांचंच घ्या.

कापडखरेदी ताईंकडे होती. माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी मोठ्या, जवळच्याच सिल्व्हर पार्क भागात राहणाऱ्या. त्यांच्या सासूबाईंना अर्धांगवायू होऊन काही महिने झाले होते. तक्ता त्यांनी शांतपणे वाचला आणि मला म्हणाल्या, "हे किलोचं झालं गं. अंगावर किलो नसतो, गाऊन असतो. आणि तो रोज धुवावा लागतो."

मग आम्ही दर धुण्यामागे हिशेब मांडायचं ठरवलं. चार कापडांचे चार नमुने शिवले आणि ते ताईंच्या घरी गेले. आजींना, म्हणजे ताईंच्या सासूबाईंना, विचारूनच. रत्नागिरीकडच्या त्या, बोलणं थोडं जड झालं होतं, पण मत स्पष्ट.

मी कामावरून परतताना तिकडे डोकावायचे. ताई सासूबाईंना कुशीवर वळवायच्या, पाठ पुसायच्या, आणि तेवढ्यात मी शिवण आणि डाग बघून घ्यायचे. व्हिस्कोस आजींना सगळ्यांत आवडलं. हात फिरवत बसायच्या. पण ओलं झालं की ते कमजोर पडतं. काही आठवड्यांच्या गरम धुण्यांनंतर बगलेत उसवलं. कापलेल्या चिंध्यांपासून केलेल्या रिसायकल्ड सुताचे धागे आखूड, त्याचं कापड लवकर विरलं. नवं सूत टिकलं, पण जाड ओलं कापड दमट हवेत वाळेना. तिकडच्या वृद्धाश्रमात ते यंत्रात वाळवणार, म्हणजे तेवढी वीज जास्त, वर इस्त्री. बाटल्यांचं पॉलिएस्टर तासाभरात वाळायचं, नवंच दिसायचं.

आजी म्हणाल्या, "ह्ये नको. पाठीला चिकटता. घाम सुटता."

ताईंनी गाऊन सोडून पाठ बघितली. लालसर झाली होती. ओल्या फडक्याने टिपत राहिल्या, मग पंख्याच्या वाऱ्याला पाठ उघडी ठेवून बाजूला बसून राहिल्या. मला तो तक्ता आठवला. त्यात या पाठीसाठी रकाना नव्हता.

तिथेच, त्या पलंगाच्या कडेला, ताईंनी सुचवलं की समोरचा भाग आणि बाह्या सूत आणि रिसायकल्ड पॉलिएस्टरच्या मिश्र कापडाच्या ठेवू. मजबूत, लवकर वाळणाऱ्या. पाठीवर एकमेकांवर येणाऱ्या दोन पाती मात्र निव्वळ सुताच्या. मी त्यात भर घातली: पाती खांद्याला नाडीने बांधायच्या. झिजतं आधी पाठीकडचं. तेवढंच बदललं की बाकीचा गाऊन पुढे चालेल. मिश्र कापडाचा शेवटी पुन्हा धागा करणं अवघड, हेही आम्ही अहवालात लपवलं नाही.

शेठना नाडीचं काम वेळखाऊ वाटलं. ताईंनी त्यांना घरच्या पलंगापाशी काय पाहिलं ते सांगितलं. त्यांनी थोडं ऐकून घेतलं आणि नमुना पाठवायला सांगितला. ऑर्डर छोटी आली. पण त्या कंपनीने कळवलं की तक्त्यात आता किलोऐवजी एका वापरामागचा हिशेब धरणार.

तयार गाऊनपैकी पहिला आम्ही आजींना दिला. त्यांनी तो पावसाळा संपेपर्यंत घातला. व्यायामाने हात-पाय जरा हलू लागले, त्या उशीला टेकून बसू लागल्या. एका रविवारी मी गेले तर ताईंना म्हणत होत्या, "आता ह्यो बस झाला. मला लुगडं नेसव."

ताई हसल्या आणि मग डोळे पुसले. लुगडं नेसवायला दोघी लागलो. मी आजींना धरून उभं केलं आणि ताईंनी निऱ्या घातल्या, घाई न करता. आजींचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता. त्या म्हणाल्या, "सोडू नको हां."

"नाही सोडत, आजी," मी म्हटलं.