वेबसाइटवर विटलेला लाल

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षांत दिग्रसमध्ये लग्नं होत होती, पण अल्बम कोणी काढत नव्हतं. त्यामुळे आमच्या फोटो स्टुडिओत मी आणि आमचे साहेब, म्हणजे माझा नवरा, एकमेकांची तोंडं पाहत बसायचो. कॅमेरा त्यांचा, कॉम्प्युटर माझा. फोटो चांगला आला तर कला त्यांची, बिघडला तर कॉम्प्युटरची, अशी आमच्या घरची वाटणी होती.

तांड्यावरच्या एका मावशीनं पांढऱ्या मांजरपाटाच्या चादरीवर लाल-हिरव्या धाग्यांचं बंजारा भरतकाम केलं होतं. दिवसभर कापूस वेचायचा आणि उरलेल्या वेळात टाके घालायचे. पुण्याच्या एका वेबसाइटवर अशा वस्तू विकल्या जात, म्हणून साहेबांनी चादरीचे फोटो काढले, मी ते पाठवले. आमच्या कॉम्प्युटरवर तो लाल डोळ्यांत भरायचा. वेबसाइटवर मात्र धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा दिसला.

साइटवाल्याचा फोन आला. "मॅडम, कलर फारच डल आहेत. वस्तू वापरलेली आहे का? असंच दिसणार असेल तर काढून टाकतो." मोठा सभ्य माणूस. वापरलेली म्हणाला, चोरीची नाही म्हणाला.

बाजाराच्या दिवशी मावशी आली. तिनं मोबाइलवर फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला.

"माह्याच धाग्यात खोट असंन, बाई. पुढच्या बाजारापर्यंत फोटो सुधरला त् ठीक, नाही त् हा लाल उसवतो अन् चमकीचा धागा टाकतो."

मी म्हटलं, "मावशी, हात लावू नका चादरीले." ते काम उसवायचं म्हणजे काय, हे शिवणकाम केलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

मग तज्ज्ञ जमले. साहेब म्हणाले, उजेड कमी पडला, आणि त्यांनी रंग इतके भडक करायला लावले की लालाचा नुसता डाग झाला, टाके दिसेनात. शेजारचा मोबाइलवाला म्हणाला, स्क्रीनच खराब आहे, नवीन घ्या. कापसाच्या जिनिंग कारखान्यातले एक ओळखीचे म्हणाले, यंदा कापसातच जीव नाही, फोटोत कुठून येईल? एवढी विद्वत्ता एका स्टुडिओत मावत नव्हती.

मी मूळ फोटो आणि वेबसाइटवरचा फोटो शेजारी शेजारी ठेवले. मांजरपाट दोन्हीकडे सारखाच पांढरा. मेला होता तो फक्त लाल आणि हिरवा. उजेड कमी असता तर पांढराही काळवंडला असता ना! मग पाठवलेली फाइल आमच्याच स्क्रीनवर ब्राउझरमध्ये उघडली, तर तिथेही विटकी. म्हणजे स्क्रीनही सुटली.

कॅमेऱ्याची सेटिंग पाहिली आणि चोर सापडला. अ‍ॅडोबी आरजीबी, म्हणजे रंगांचं मोठं माप. अल्बम छापणाऱ्या लॅबनं कधीकाळी सांगितलं म्हणून साहेबांनी ते लावलं होतं. अल्बम बंद पडले, सेटिंग मात्र सौभाग्यासारखी जपलेली. फाइलमध्ये रंगांचे नुसते आकडे असतात. ते कोणत्या मापानं वाचायचे, हे सोबतच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेलं असतं. वेबसाठी सेव्ह करताना ते प्रोफाइल गळून जायचं, आणि ब्राउझर बिचारा तेच आकडे एसआरजीबीच्या लहान मापानं वाचायचा. लाल फिका पडेल नाही तर काय.

प्रोफाइल जोडून फाइल सेव्ह केली. आमच्या ब्राउझरमध्ये लाल झळकला. साइटवर चढवली, पुन्हा विटका! माझंही चुकलं म्हणून साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः चहा केला. साइटवाल्याला विचारलं तेव्हा कळलं, त्यांची साइट फोटो लहान करताना प्रोफाइल पुन्हा काढून फेकते. "सगळ्यांचेच काढतो मॅडम," तो अभिमानानं म्हणाला.

मग मी मूळ फोटोचे रंगच एसआरजीबीत बदलून घेतले. नुसतं प्रोफाइलचं नाव बदललं नाही, आकडेच नवे केले. आता प्रोफाइल कोणी फेकलं तरी ब्राउझर बरोबरच वाचणार होता. चढवला. लाल जसाच्या तसा, टाका न् टाका दिसत होता. साहेब म्हणाले, "मी म्हटलंच होतं, फोटो चांगला काढला आहे."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मावशी आली. मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं पिशवीतून चादर काढली आणि एक कोपरा माझ्यापुढे धरला. तिथला लाल उसवलेला होता, सुईची भोकं तेवढी उरली होती.

"तुम्हाले म्हटलं होतं ना, हात लावू नका," मी म्हटलं. माझा आवाज चढला, आणि लगेच रडू आलं.

"तू म्हटलं होतं. पन मोबाइलमंदी त् विटकंच दिसून राह्यलं होतं ना, बाई. बाजारापर्यंत धीर नाही निघाला."

"कोपरा पुन्हा भरून टाका. मी धागा आणून देते."

तिनं मोबाइलमधला लाल पाहिला, मग कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"राहू दे तसाच. घेनाऱ्यानं विचारलं, इथं काय झालं, त् सांगजो, इथं म्या माह्या डोयाचं आयकलं नाही."