एका पासात दोन संध्याकाळी

मी तीस वर्षं अमरावतीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं आणि त्या तीस वर्षांत एक काडेपेटीसुद्धा विकली नाही. फळ्यावर मात्र मी काय काय विकलं आहे. त्यामुळे निवृत्तीनंतर आमच्या सांस्कृतिक मंडळाने मला कार्यकारिणीत घेतलं, तेव्हा माझ्या डोक्यात फार हवा होती.

आमचं मंडळ हिवाळ्यात दोन कार्यक्रम करतं. शनिवारी हास्यकवी संमेलन, रविवारी शास्त्रीय गायन. हास्यकवी बहुतेक अकोल्याकडचे, गायक पुण्याचे. शनिवारचं गिऱ्हाईक वेगळं आणि रविवारचं वेगळं. शनिवारवाल्यांच्या मते रविवारी एक माणूस दोन तास घसा साफ करतो. रविवारवाल्यांच्या मते शनिवारी जे चालतं ते पानठेल्यावर फुकट ऐकायला मिळतं. आमच्या घरात ही दोन्ही मतं एकाच छताखाली राहतात. माझ्या नवऱ्याला तानपुरा लागला की जांभई येते, आणि मला त्याचे लाडके कवी माईकसमोर आले की घरी गॅस बंद केला की नाही ते आठवतं.

तिकीट प्रत्येकी तीनशे. दोन्ही दिवशी शंभरेक माणसं यायची, म्हणजे दोन दिवसांचे मिळून साठ हजार. हॉल, माईक, कलावंतांचं मानधन आणि त्यांचा प्रवास मिळून खर्च सत्तर. दरवर्षी दहा हजारांचा खड्डा पडायचा आणि तो सचिव आपल्या खिशातून भरायचे. सचिव म्हणजे फुलांचे व्यापारी, भातकुलीकडे त्यांचे मळे. त्यांना सचिव का केलं, तर हार फुकट मिळतात म्हणून. त्या वर्षीच्या सभेत त्यांनी हात वर केले.

"मॅडम, आता मले जमत नाई. एक कार्यक्रम कमी करा. गाण्याचा खर्च जास्त हाय, तेच बंद करू."

मला ते फार लागलं. वर्षातून एकच संध्याकाळ अशी, की ज्या दिवशी मला कुणी पोळ्या किती लाटू असं विचारत नाही आणि समोर कुणीतरी यमन गात असतं. तीही जाणार. मी म्हटलं, "भाऊ, मला आठ दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानात जाऊन बसले. गिऱ्हाइकाच्या तोंडावरून तो किती देईल हे त्या माणसाला हार उचलायच्या आत कळतं. मी विचारलं, "गाणंवाला माणूस गाण्याला जास्तीत जास्त किती देईल?"

"तीनशे. त्याच्या वर एक रुपया नाई."

"आणि हास्यकवींना?"

"शंभर देईन तो. बायकोपोरं म्हनतात म्हून."

"हास्यवाला?"

"त्याचं उलटं. हास्याले तीनशे, गाण्याले शंभर. तेबी आपन सुसंस्कृत हाओत हे शेजाऱ्याले दिसलं पाह्यजे म्हून."

मी त्यांच्याच बिलबुकाच्या पाठीवर लिहून दाखवलं. तिकीट शंभर केलं तर हॉल दोन्ही दिवस भरेल, दोनशे दोनशे माणसं येतील, पण पैसे चाळीसच हजार. तीनशे ठेवलं तर साठ हजार आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. त्या रिकाम्या खुर्चीवर माणूस बसवायला आपल्याला एक पैसाही जास्त लागत नाही. मग सुटं तिकीट बंद करायचं आणि दोन्ही दिवसांचा मिळून एकच पास काढायचा. गाणंवाल्याचे तीनशे अधिक शंभर. हास्यवाल्याचे शंभर अधिक तीनशे. दोघांच्याही मनात चारशेच. दहा रुपये सोडून पास तीनशे नव्वदचा ठेवला की दोघंही घेतात. दोनशे पास गेले की अठ्ठ्याहत्तर हजार.

ते म्हणाले, "म्हंजे फोडी वेगवेगळ्या, पन वजन एकच."

तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला इतकं नेमकं उत्तर दिलं नव्हतं. मी त्यांना पुढचंही सांगितलं, कारण मास्तरकी सुटत नाही. हे जमतं ते आवडी उलट्या आहेत म्हणून. समजा, शंभर माणसांना दोन्ही कार्यक्रम तीनशेचे वाटले असते आणि शंभरांना दोन्ही शंभराचेच, तर एकाच्या मनात सहाशे आणि दुसऱ्याच्या मनात दोनशे. मग पास कितीचाही काढा, साठ हजारांच्या वर जात नाही.

"पन मॅडम, हे तं लिंकिंग झालं," ते म्हणाले. "युरिया पाह्यजे तं हे दुसरं पोतंबी उचला, तसं."

"तिथे युरिया मिळत नाही म्हणून दुसरं पोतं गळ्यात मारतात. इथे कुणी न घेता घरी बसला तरी त्याचं पीक वाळत नाही."

हे त्यांना पटलं की माझ्या आवाजाला ते भ्याले, माहीत नाही. पास छापले गेले. गुलाबी रंगाचे, त्यावर एका बाजूला वीणा आणि दुसऱ्या बाजूला हसणारा विदूषक.

पहिल्या वर्षी पास खपले. शनिवारी गाणंवाली मंडळी पहिल्या रांगेत चेहरे पाडून बसली आणि अर्ध्या तासात पोट धरून हसायला लागली. रविवारी हास्यवाले शंभर रुपये वसूल करायला आले. पुण्याच्या बाईंची आलापी चालू असताना मागून एकाने शेजाऱ्याला विचारलं, "गानं कवा चालू होते?" ते बाईंनाही ऐकू गेलं. खोकणं, चिवड्याची पाकिटं, फोन, सगळं झालं. मला चीड आली, पण आठ हजार शिल्लक होते. सचिवांनी मला हार घातला, फुकटचा.

त्या वर्षी मी स्वतः एक पास घेतला होता. एकच. घरात दोन कशाला? शनिवारी नवरा गेला, रविवारी मी. रविवारी सकाळी दोरीवर वाळत असलेल्या त्याच्या शर्टच्या खिशातून मी तो ओलसर गुलाबी पास काढत होते, तेव्हा शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "एकच पास दोघांत चालते का वं?"

"चालतो की," मी म्हटलं. "त्यावर कुठे नाव आहे."

इतकंच बोलले. मग आत जाऊन कपाटातून संध्याकाळची साडी काढली.

दुसऱ्या वर्षी जेमतेम शंभर पास गेले. सचिवांना वाटलं, लोक शेवटच्या दिवशी घेतील. शेवटच्या दिवशीही कुणी आलं नाही, पण शनिवारी शंभर माणसं हजर, सगळी हसणारी. आणि रविवारी शंभर माणसं हजर, सगळी डोळे मिटून बसणारी. एकही खोकला नाही. पुण्याच्या बाईंनी विलंबित ख्याल एक तास गायला आणि तंबोऱ्याचा शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी टाळी वाजवली नाही. माझ्या आयुष्यात मी ऐकलेली ती सर्वांत सुंदर मैफल. मला रडू आलं. बाई म्हणाल्या, असे श्रोते पुण्यातही मिळत नाहीत.

असे श्रोते मिळाले होते, कारण ते निवडून आले होते. आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक गाणंवाल्याने एक हास्यवाला गाठला होता. एकशे पंच्याण्णव तू दे, एकशे पंच्याण्णव मी देतो, शनिवार तुझा, रविवार माझा. तीनशेची मैफल एकशे पंच्याण्णवात. डॉक्टरांनी कंपाउंडरशी जोडी जमवली होती, एका सासूने सुनेशी. वर्षभर एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावांनी पासासाठी समेट केला होता. आवडी उलट्या आहेत या एका गोष्टीवर मी तो पास उभा केला होता, आणि आवडी उलट्या आहेत म्हणूनच तो अर्धा करणं इतकं सोपं होतं. हे पुस्तकातही आहे. पास दुसऱ्याला देता येऊ नये, एवढी एक ओळ. मी ती दरवर्षी तास संपता संपता घाईत सांगायचे.

जमा एकोणचाळीस हजार. खड्डा एकतीस हजारांचा.

सभेत सचिव चिडले नव्हते, ते थकले होते. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "गानं बंद," ते म्हणाले. "मले एकच सांगा. हे डोकं लावलं कोनं? माह्या दुकानातली बाईसुद्धा जोडीदार शोधून राह्यली होती."

शेजारच्या काकूंचे यजमान कार्यकारिणीतच होते. ते छताच्या पंख्याकडे पाहत राहिले, शेजारधर्म म्हणून. मी म्हटलं, "मी."

मग सगळं सांगितलं, शर्टच्या खिशासकट. तीनशे नव्वद रुपये वाचवायला मी माझीच संध्याकाळ मोडून खाल्ली होती.

सचिव म्हणाले, "एक वर्स आखरी. पासावर नाव छापू, फोटो लावू. पन दारात उभं कोन राहीन? आपल्या गावात शेजाऱ्याले दारातून वापस कोन पाठोते? मले तं जमनार नाई, माहं दुकान चालते त्याईच्यावर."

"मी उभी राहीन," मी म्हटलं.

तिसऱ्या वर्षी मी दोन्ही दिवस दाराशी खुर्ची टाकून बसले. शनिवारी पहिलाच माणूस आला तो माझा नवरा, माझ्या नावाचा, माझ्या फोटोचा पास हातात घेऊन.

"हा तुमचा नाही," मी म्हटलं.

"अगं, घरचाच आहे."

मागे रांग होती. सगळी कॉलनी पाहत होती, काकू तर टाचा उंचावून. मी त्याला बाजूला केलं आणि पास विकायच्या टेबलाकडे बोट दाखवलं. त्याने तीनशे नव्वद मोजून दिले आणि आत जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्या मागे उभ्या असलेल्यांपैकी निम्मे टेबलाकडे वळले. त्या वर्षी पुन्हा दोनशे पास गेले, आणि गाणं वाचलं.

रविवारी मी परत दाराशी. दार बंद ठेवावं लागतं, नाहीतर रस्त्यावरचे हॉर्न आत जातात. कुणी पाणी प्यायला बाहेर आलं की तेवढ्यापुरता यमन ऐकू यायचा, दोन सूर, मग दार बंद. आत दोनशे माणसं होती आणि त्यांतली शंभर बाहेर चहा कुठे मिळतो ते विचारायला येत होती. त्यामुळे तसे बरेच सूर ऐकले.

सर्वांत शेवटी नवरा बाहेर आला. पैसे भरले होते म्हणून पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसला होता. मी खुर्ची घडी करत होते. मी विचारलं, "कसं झालं?"

"छान," तो म्हणाला. "मस्त झोप लागली."