एकास पन्नासचं घर

आमच्या मुळशीत कुणी हातात टेप घेऊन अंगणात उभं राहिलं, की शेजारीपाजारी कामधंदा सोडून बघायला येतात. टेप निघाला म्हणजे एकतर जमीन विकायची, नाहीतर वाटणी करायची. तिसरं कारण आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही. माझी मुलगी नववीत. शाळेच्या प्रकल्पासाठी ती आपल्या मैत्रिणीला घेऊन घराची लांबी-रुंदी घेत होती, तर समोरची म्हातारी मला विचारते, "मोजणी लागली व्हय गं? किती गुंठं काढताय?" मी हसून सोडून दिलं. तेव्हा हसायला येत होतं.

प्रकल्प गणिताचा होता. खरी इमारत मोजायची, प्रमाण ठरवायचं आणि त्या प्रमाणात तिची प्रतिकृती करायची. मुलीने आमचंच घर निवडलं. घर सासऱ्यांनी बांधलेलं, स्लॅबचं, समोरून साधारण बत्तीस फूट. सासऱ्यांच्या मागे दोघा भावांनी मधोमध भिंत घातली, एक बाजू थोरल्या दिरांची, एक आमची. भिंतीत स्वयंपाकघरापाशी एक दार मात्र ठेवलं. त्या दाराला कडी कधी लागलीच नाही. माझी मुलगी त्या दाराने इकडून तिकडे करतच मोठी झाली. थोरल्या दिरांना ती आबा म्हणते, जाऊबाईंना मोठी आई, आणि अर्धं जेवण तिकडेच जेवते. मी कामाला उरवड्याच्या कंपनीत जाते, तेव्हा मागे तिला बघायला त्याच असायच्या. मला सख्खी बहीण नाही. होती ती या दारापलीकडे.

प्रमाण ठरवायला मायलेकी बसलो. एकास शंभर धरलं तर बत्तीस फुटांचं घर पावणेदहा सेंटीमीटरचं होत होतं, खिडक्या नखाएवढ्या. एकास वीस धरलं तर जवळजवळ एकोणपन्नास सेंटीमीटर, ते एसटीतून न्यायचं कसं? एकास पन्नासला साडेएकोणीस आलं. ते बरं वाटलं. म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर, ते खरे पन्नास सेंटीमीटर. फुटांना तीस पॉइंट अट्ठेचाळीसने गुणायचं, पन्नासने भागायचं. पोरगी भराभर कॅल्क्युलेटर दाबत होती, पुठ्ठ्यावर रेघा मारत होती, आणि मला तिचं कौतुक वाटत होतं.

भिंती उभ्या झाल्या तसं तिने ते घर ओट्यावर वाळायला ठेवलं. वर अजून स्लॅब नव्हता, आतल्या खोल्या उघड्या दिसत होत्या. थोरले दीर दूध घालून आले आणि वाकून बघायला लागले. आधी खुशीत होते. "ही आमची पडवी, व्हय?" वगैरे चाललं होतं. मग त्यांनी तिची पट्टी उचलली आणि दोन्ही बाजूंच्या पुढच्या खोल्यांना लावली. आमची नऊ पॉइंट एक, त्यांची आठ पॉइंट सहा.

"अर्धा सेंटीमीटर कमी हाय गं आमची," ते म्हणाले.

"आबा, मोजून केलंय सगळं," मुलगी अभिमानाने म्हणाली. बिचारी.

जमिनीचे भाव चढल्यापासून आमच्याकडच्या पुरुषांना दुसरं काही येवो न येवो, हा हिशेब झोपेतही येतो. अर्धा गुणिले पन्नास, पंचवीस सेंटीमीटर. म्हणजे दहा इंच. दिरांनी मान वर केली आणि माझ्या नवऱ्याला हाक मारली. "भिंत घालताना मी ड्युटीवर व्हतो. गवंड्याच्या डोक्यावर तू हुबा व्हतास. दहा इंच कुटं गेलं?"

माझा नवरा काही शांत माणूस नाही. दोघं ओट्यावर उभे राहून भांडायला लागले, आणि मध्ये ते पुठ्ठ्याचं घर. मी आतून टेप आणला. खोल्या कुठे पळून गेल्या नव्हत्या, दोन मिनिटांचं काम होतं. म्हटलं, "अहो, मोजा ना! भांडताय कशाला?"

टेपला कुणी हात लावेना! नवरा म्हणे, "मी न्हाई धरणार. माझ्यावर इस्वास न्हाई त्यानं मोजावं." दीर म्हणे, "मी सख्ख्या भावाच्या घरात टेप लावू? परका हाय का मी?" आमच्याकडची ही रीत. भावाच्या दारात टेप धरला की नातं तुटलं असं मानतात. टेप न धरता मात्र तोंडाने काहीही तोडलं तरी चालतं. चोरीचा आळ घ्यायला लाज नाही, टेप धरायला लाज! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी स्वतःच आत शिरले, तर नवरा ओरडला, "तू मधी पडू नगंस!" आणि टेप हिसकावून परसात भिरकावला.

मग तो जे बोलला, ते मी त्याला आजही माफ केलेलं नाही. सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं थोरल्या जाऊबाईंनी केलं. हागणं-मुतणं काढलं, कधी नाक मुरडलं नाही. माझा नवरा दिरांना म्हणाला, "आईचं केलं म्हून जादा जागा पायजे का तुमाला? मजुरी मागताय व्हय?"

जाऊबाई दारातच उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या. दिरांनी त्यांच्या पाठीकडे बघितलं. "उद्या हे दार बुजवतो," एवढंच म्हणाले.

मुलगी रात्रभर मुसमुसत होती. "माझ्यामुळं झालं," असं म्हणत होती. मी तिला जवळ घेतलं, पण आतून मी जळत होते. एवढे दोन बाप्ये, आणि पोरीच्या पुठ्ठ्यावर भांडतात. सकाळी मी रजा टाकली, तिला शाळेत पाठवलं आणि सांगितलं, सगळी मापं मॅडमना दाखव, जिथे अडलं तिथे विचार.

इकडे दिरांनी खरंच विटा आणून टाकल्या. गवंडी आला. मी नवऱ्याला म्हटलं, "जा, माफी मागा." तो चहा पीत बसला. म्हणाला, "थोरला त्यो हाय. समजून त्यानं घ्यायचं." थोरलेपण नेमकं अशाच वेळी आठवतं या माणसाला.

दुपारी मुलगी धापा टाकत आली. एसटीची वाट न बघता कुणाच्या तरी टेम्पोतून आली होती. "आई, चुकलं! माझं चुकलं!" मॅडमनी तिचं पहिलंच माप पकडलं होतं. आबांची खोली चौदा फूट दहा इंच. आमची चौदा फूट नऊ इंच. तिने इंच सरळ पॉइंटच्या पुढे मांडले होते, चौदा पॉइंट दहा आणि चौदा पॉइंट नऊ. कॅल्क्युलेटरला फूट-इंच काय कळणार? त्याने चौदा पॉइंट दहाचं चौदा पॉइंट एक केलं. फुटात इंच बारा, दहा नाहीत. आधी सगळ्याचे इंच करायचे, मग सेंटीमीटर करायला गुणायचं. मी म्हटलं, "अडीचने?" ती म्हणाली, "दोन पॉइंट चोपन्न गं!" एवढ्या घाईतही तिने मला सुधारलं. मी तिथेच करून बघितलं. एकशे अठ्ठ्याहत्तर इंच आणि एकशे सत्त्याहत्तर इंच. एकास पन्नासला दोन्ही खोल्या नऊ-नऊ सेंटीमीटर.

मी परसातून टेप शोधून आणला आणि पुढच्या दाराने दिरांकडे गेले. लग्न होऊन आल्यापासून मी थोरल्या दिरांशी कधी नजर वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "दादा, पोरीचा हिशेब चुकला होता. मी मोजते, तुमी बघा." टेपचं एक टोक कुणी धरायचं हा प्रश्न होता. जाऊबाई आतून आल्या, हात पदराला पुसले आणि टोक धरलं. आधी त्यांची खोली मोजली, चौदा फूट दहा इंच. मग त्या माझ्या मागून आमच्याकडे आल्या, आमची मोजली. चौदा फूट नऊ इंच. दिरांनी दोन्ही आकडे स्वतः वाकून वाचले.

"आमचीच इंचभर जादा हाय," ते हळूच म्हणाले.

विटा तोवर कमरेच्या वर आल्या होत्या. गवंडी थापी धरून थांबला. "मालक, काय करू? काढू का चढवू?"

मी हात जोडले. खरंच जोडले, दिरांपुढे. दिरांनी माझ्याकडे नाही, धाकट्या भावाकडे बघितलं. माझा नवरा बाजेवर बसून मोबाईल बघत होता. त्याने मान वर केली असती, "दादा, चुकलं" एवढे दोन शब्द बोलला असता, तर त्या ओल्या विटा हाताने निघाल्या असत्या. त्याने मान वर केली नाही.

"पोरीचं गणित चुकलं," दीर म्हणाले, "पर ह्यो जे बोलला ते गणितानं न्हाई बोलला." मग गवंड्याला म्हणाले, "चढव."

मी नवऱ्याच्या हातातला मोबाईल ओढून घेतला आणि गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्याला सुनावलं. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याचा काही उपयोगही झाला नाही. संध्याकाळपर्यंत भिंत पुरी झाली. पलीकडून जाऊबाईंच्या भांड्यांचा आवाज येत होता, पण दबका.

मुलीने नव्या मापाने भिंती पुन्हा कापल्या. आठवड्यावर प्रदर्शन होतं. दोन्ही खोल्या नऊ-नऊ सेंटीमीटरच्या, उंची सहाच्या थोडी वर, सगळं चोख. मधल्या भिंतीचा पुठ्ठा हातात धरून ती थांबली. त्यावर पेन्सिलीने दार आखलेलं होतं, दीड सेंटीमीटर रुंद, पावणेचारला थोडं कमी उंच. अजून कापायचं होतं.

"आई, मॅडम म्हणल्यात, जसं हाय तसंच दाखवायचं. मग हे कापू का नको?"

माझा राग इतका होता की बोलताना आवाज फाटला. पण तो राग पोरीवर नव्हता.

"काप," मी म्हटलं. "कुणी इचारलं तर सांग, मी मोजलं तवा हितं दार व्हतं."