वाळत्या बोंबलांवरचा नियम

वर्सोव्याच्या मावशी माझ्या अंधेरीच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर सुक्या बोंबलांचा वासही आला. किनाऱ्यावर बांबू उभारून बोंबील वाळवायला आता नव्या नियमाप्रमाणे परवाना लागणार होता. त्यांचे बांबू तर मत्स्यव्यवसाय विभागाने उचलूनही नेले होते.

"वकीलबाई, आमी विचारतो, माशांना उन्हात बसायला पण परवानगी?"

ज्या कायद्याखाली हा नियम केला होता, तो मूळ कायदा मी वाचला. तो होता समुद्रातल्या मच्छीमार बोटींचा. किनारा नाही, बांबू नाही, ऊन तर नाहीच. पण शेवटी नेहमीचं कलम होतं: कायद्याची उद्दिष्टं पार पाडण्यासाठी शासन नियम करू शकेल. या एका वाक्याच्या आधारे विभागाने बोटीतून उतरून थेट वाळूवर पाय ठेवला होता.

नियम विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर तीस दिवस ठेवायचे असतात, म्हणजे आमदार ते वाचून बदलू किंवा रद्द करू शकतात. हे नियमही उशिरा का होईना ठेवले गेले. कोणी उघडले नाहीत.

मग आम्ही नियम तपासणाऱ्या विधिमंडळ समितीकडे निवेदन दिलं. समितीने मावशींना बोलावलं, चहा दिला, मन लावून ऐकलं आणि अधिकाऱ्यांची साक्ष घेताना आम्हाला बाहेर बसवलं. अहवाल मात्र झकास आला: वाळवणं कायद्यात बसत नाही, नियम वगळावा. विभागाने उत्तर दिलं, शिफारस विचाराधीन आहे. अहवाल पटलावर ठेवला गेला. तिथं आता नियमांना सोबत झाली.

"मग आमचे बांबू?" मावशींनी विचारलं.

"तेही विचाराधीन," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. मलाच लाज वाटली.

शेवटी हायकोर्ट. मी आधी मांडलं, नियम उशिरा पटलावर ठेवले म्हणून ते अवैध. न्यायमूर्तींनी नकारार्थी मान हलवली: ही तरतूद निर्देशात्मक आहे, बंधनकारक नाही; एवढ्यानं नियम पडत नाही. सरकारी वकिलांना हुरूप आला.

"मग सभागृहानं हरकत घेतली नाही, म्हणजे मान्यताच दिली!"

"म्हणजे कोणी वाचलं नाही याला मान्यता म्हणायचं?" न्यायमूर्ती म्हणाले. "पटलावर ठेवल्यानं अधिकाराबाहेरचा नियम अधिकारात येत नाही. बोंबील वाळवण्यावर नियम करायचा अधिकार या कायद्यात कुठे दिलाय, ते दाखवा."

सरकारी वकिलांनी पानं उलटली. विभागाच्या अधिकाऱ्यांनीही उलटली. मग वकिलांनी 'उद्दिष्टं पार पाडण्यासाठी' हे वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी जरा मोठ्यानं.

तेवढाच एक नियम रद्द झाला, बोटींचे बाकीचे कायम राहिले. बांबू परत मिळाले, तेही अर्धे मोडलेले. मी मावशींना समजावत होते की नियम मूळ कायद्याच्या मर्यादेबाहेर गेला होता.

"ते आमच्या पोरीलाबी कळलं असतं," त्या म्हणाल्या, आणि नवे बांबू कुठं स्वस्त मिळतील ते विचारायला लागल्या.