आबांच्या श्वासाचं मशीन

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, फुप्फुसांचं दुखणं वाढलं तेव्हा परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देतं, रोज लागेल." आम्ही जिंतूरला राहतो. वडिलांना त्या अवस्थेत घेऊन दर वेळी परभणी गाठणं अवघडच होतं.

दुसऱ्याच दिवशी मी आणि बायको परभणीच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं परदेशातून आलेलं मशीन दाखवलं. नामांकित कंपनीचं आणि भाव बाजारापेक्षा बराच कमी. मी तर तिथंच पैसे काढायला लागलो. बायकोनं मशीन फिरवून मागचं लेबल पाहिलं.

"अहो, यावर भारतात आणणाऱ्याचं नाव-पत्ता कुठंच नाही. आणि व्होल्टेज एकशे पंधरा लिहिलंय, आपल्या घरात तर दोनशे तीस असतं."

"सोबत ट्रान्सफॉर्मर देतो की," दुकानदार म्हणाला. "वॉरंटी हाय ना, एक वर्षाची."

"कुणाची? कंपनीची का तुमची?"

"आमची, दुकानाची."

"बंद पडलं तर?"

"मुंबईला पाठवावं लागंल. आठ-पंधरा दिवस लागतेत."

"मग तोवर आबांनी श्वास कशावर घ्यायचा?"

दुकानदारानं मुंबईच्या दुरुस्तीवाल्याचा नंबर पुढं केला. त्यानं दिलेला नंबर न लावता बायकोनं कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर काढला आणि लेबलवरचा सिरीयल नंबर वाचून दाखवला. पलीकडून उत्तर आलं की हे मशीन भारतासाठी विकलेलंच नाही. इथली वॉरंटी त्याला लागू नाही आणि कंपनीचा माणूस ते दुरुस्त करणार नाही. फोन स्पीकरवर होता. दुकानदारानंही ऐकलं.

मला वाटलं आता हा चिडणार. पण तो म्हणाला, "ताई, घरात आजारी माणूस हाय, मी काय खोटं बोलू? हे घेऊ नका." आणि त्यानं स्टेशन रोडवरच्या अधिकृत विक्रेत्याकडं आम्हाला पाठवलं.

तिथलं मशीन महाग होतं. बायकोनं तिथंही सिरीयल नंबर कंपनीला सांगून खात्री केली, दुरुस्तीला माणूस कुठून येतो ते विचारलं, पक्क्या बिलावर नंबर लिहून घेतला. मी मात्र जरा कुरकुरतच होतो.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मशीनचा पिवळा दिवा लागला आणि ते ओरडायला लागलं. ऑक्सिजन कमी पडतोय, असा त्याचा अर्थ. आम्ही आबांना अडीअडचणीला म्हणून घरात जपून ठेवलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवर घेतलं आणि कंपनीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीहून माणूस आला, आतला व्हॉल्व्ह बदलला, ऑक्सिजन मोजून दाखवला आणि वॉरंटीत आहे म्हणून पैसे न घेता नुसती सही घेऊन गेला.

आबा नाकातली नळी सावरत म्हणाले, "सूनबाई, तुझ्यामुळं लय निवांत झालो बघ."

ती चहा ठेवायला आत गेली. त्या दिवशी दुकानात मी तिला घाई करत होतो आणि तिनं माझं ऐकलं नाही, याबद्दल मी तिचे आभार कधी शब्दांत मानले नाहीत. त्या दुकानदाराचेही मानायचे राहिले. परभणीला गेलो की त्याच्या दुकानासमोर थांबून नमस्कार तेवढा करतो.