मेलोरचा समास

कक रुबियाहच्या हातात कुणी छापील पुस्तकावर खुणा करायला पेन्सिल दिली असती, तर तिने ती त्याच्याच डोक्यात घातली असती. कक म्हणजे ताई. आमच्या कार्यालयात ती सगळ्यांचीच ताई होती. ग्रंथालयाच्या मागच्या, तेरेंगानू नदीकडच्या खोलीत तिने सव्वीस वर्षं जुन्या जावी, म्हणजे अरबी लिपीतल्या मलय, वह्या रोमन अक्षरांत उतरवून काढल्या. मी शेजारच्या टेबलावर तिचे कागद टाइप करायचे. तिच्याइतकी चिकट बाई मी पाहिली नाही. एका अक्षरासाठी सकाळ घालवायची आणि वर आम्हालाच सुनवायची, "घाई असेल तर मासळीबाजारात नोकरी धरा."

तिला हे वेड लावलं चिकगू जुसोह यांनी. आमचे साहेब, पण आधी शाळामास्तर, म्हणून सगळे चिकगूच म्हणत. त्यांचा एकच नियम होता: ज्याचा हात, त्याचा शब्द. लिहिणाऱ्याचा शब्द सुटला, त्याने जागेवर हंसपदासारखी खूण केली, समासात तो शब्द लिहून शेजारी अरबी 'सह' घातलं, म्हणजे 'हे बरोबर', तर तो शब्द मजकुराचाच. तो ओळीत घ्यायचा, पण दोन तिरक्या रेघांमध्ये, म्हणजे तो बाहेरून आत आलाय हे वाचणाऱ्याला कळतं. समासातलं अक्षर दुसऱ्याचं असेल आणि 'सह' नसेल, तर तो मजकूर नव्हे. तो तळटीपेत जातो. हात दुसरा, शाई अमुक, पानाची बाजू अमुक, कुठल्या शब्दाला जोडलाय, सगळं सांगून. अधोरेखित शब्दाखाली आपणही रेघ ओढायची आणि ती कुणाच्या शाईची ते लिहायचं. रेघ कुणाची ते ठरत नसेल तर 'ठरत नाही' असं लिहायचं. अंदाज करायचा नाही. कक रुबियाहने हे पाठ केलं आणि त्यावरच जगली.

तोक सलामाह आमच्याकडे वही घेऊन आली ते शहाण्णव साल. तोक म्हणजे आजीबाई. सत्तरीची, मारांग गावाकडची म्हातारी. तिच्या आजोबांची, हाजी एम्बोंगची, औषधांची वही होती. काळ्या शाईत, सुबक. आणि समासात फिकट तपकिरी शाईत एक तिरकं, थरथरतं अक्षर. ते आजीचं, मेलोरचं. मेलोर गावची सुईण होती. नवऱ्याने लिहायचं आणि तिने बायकांना देऊन बघायचं. जे लागू पडलं त्या झाडपाल्याच्या नावाखाली तिने रेघ मारली होती. जे पडलं नाही, तिथे शब्दावर फुली आणि समासात टिप्पणी.

बाविसाव्या पानावर बाळंतिणीचा काढा होता. मिरी, आलं, कुळंजन, तीन सकाळी. फुली 'तीन सकाळी'वर. समासात मेलोरने लिहिलं होतं: जिला रक्त जातंय तिला देऊ नये. मी दिला. एम्बुन गेली.

एम्बुन म्हणजे मेलोरची लेक. सलामाहची आई. सलामाह जन्मली त्याच आठवड्यात ती गेली. तिचा दाखला नाही, फोटो नाही. थडग्यावरचा दगडसुद्धा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने गुळगुळीत झालेला. जगात तिचं नाव लिहिलेलं होतं ते एवढ्याच जागी.

"छापून आलं की मला दाखव," म्हातारी म्हणाली. "आजीचं वेगळं दिसलं पाहिजे. तिने कबूल केलंय ते."

कक रुबियाहने शब्द दिला. चार महिने लावले. त्यात मेलोरच्या एक्केचाळीस टिपा, एकोणीस रेघा आणि हाजीच्या स्वतःच्या 'सह' लावलेल्या सहा जागा होत्या. मी टाइप केलं. चिकगूंनी पाठ थोपटली. मुद्रितं मीच बघतो म्हणाले, तुझे डोळे थकलेत. आम्हाला केवढं कौतुक वाटलं त्या मायेचं! दुपारी सगळ्यांनी मिळून नासी दागांग, नारळाच्या दुधातला भात, खाल्ला होता, मला अजून आठवतं.

पुस्तक आलं. जाड कागद, सोनेरी अक्षरं. आणि तळटीप एकही नाही.

कक रुबियाहने बाविसावं पान काढलं. तीन ओळींचा काढा आणि त्यालाच जोडून, हाजी एम्बोंगच्याच मजकुरात, 'रक्त जात असल्यास देऊ नये'. पुढचं काहीच नाही. मी दिला, एम्बुन गेली, ही दोन्ही वाक्यं गाळलेली. मेलोरच्या एक्केचाळीस टिपांतल्या उपयोगाच्या तीस नवऱ्याच्या तोंडी घातल्या होत्या, बाकीच्या उडवल्या होत्या. रेघा सगळ्याच गेल्या. प्रस्तावनेत लिहिलं होतं की हाजी प्रत्येक औषध स्वतः पारखून घेत. ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय.

ती चिकगूंच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, मी ऐकलं. ते म्हणत होते, वाचणारा अडखळतो, मोठ्या लोकांच्या हस्ते प्रकाशन आहे, पान स्वच्छ हवं.

"तुम्हीच शिकवलंत, ज्याचा हात त्याचा शब्द."

"लोकांना औषध हवंय, रुबियाह. एका सुईणीचं रडगाणं नको."

तिने मूळ वही मागितली. चिकगूंनी कपाटातून काढून दिली. नवी हिरवी बांधणी होती. कडा किड्यांनी खाल्ल्या होत्या म्हणून बाइंडरकडून सरळ कापून घेतल्या होत्या, प्रदर्शनात बरी दिसावी म्हणून. बाविसाव्या पानावर समास उरला होता बोटभर, आणि त्यात तपकिरी शाईची दोन शेपटं. फोटोप्रत पूर्वी काढली होती, पण ती मजकुरापुरतीच. कुंपणानेच शेत खाल्लं. परक्याने केलं असतं तर तिने बोंब मारली असती. इथे ती फक्त वही छातीशी धरून उभी राहिली. मला त्या माणसाचा आजही राग येतो, आणि माझाही, कारण मी दारातून आत गेले नाही.

घरी जाऊन तिने आपला पेन्सिलीचा कच्चा खर्डा काढला. एक आठवडा रजा घेतली. मग मला बरोबर घेऊन मारांगला गेली, बगलेत छापील पुस्तक.

तोक सलामाहने चहा ठेवला. पुस्तक मांडीवर घेऊन बाविसावं पान काढलं. छापलेलं रोमन अक्षर तिला येत नव्हतं, पण समासात जावीत, शाईने, मेलोरच्या टिपेचे शब्द होते. फुलीसुद्धा योग्य जागी. असे एक्केचाळीस समास कक रुबियाहने भरले होते. कुठेही 'सह' घातलं नव्हतं. रागातसुद्धा तिने मेलोरला नवऱ्याच्या मजकुरात ढकललं नाही.

म्हातारीने एम्बुनच्या नावावर बोट ठेवलं. बराच वेळ ते तिथेच होतं.

"हे आजीचं अक्षर नाही."

"नाही, तोक. माझं आहे."

"वही कुठाय?"

कक रुबियाहने सगळं सांगितलं. बाइंडरचं, कात्रीचं, चिकगूंचं. एक शब्द लपवला नाही. मला वाटलं म्हातारी आता शिव्या देईल, आणि द्यायलाच हव्या होत्या. तिने चष्मा काढून सारोंगला पुसला.

"माझ्या आईचं नाव मी तुमच्या हातात दिलं होतं," ती म्हणाली.

कक रुबियाहने मान खाली घातली. इतक्या वर्षांत तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग तोक सलामाहने पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. "लिही खाली. हे तू लिहिलंस म्हणून. नाहीतर उद्या कुणीतरी हेही आजीचंच म्हणून छापेल."

कक रुबियाहने डोळे पुसले, पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या पानाच्या तळाशी जावीत लिहिलं: समासातला मजकूर मेलोर सुईणीचा. हात तिसरा, रुबियाह. मूळ समास कापला गेला.

म्हातारीने ते दोनदा वाचून घेतलं. पुस्तक तिने ठेवून घेतलं. चहा आम्हाला दिला, पण स्वतः घेतला नाही.